दोन पाडवे

भागीदारीच्या नफावाटणीचे पत्रक हाती आले की मी प्रथम शेवटची ओळ पाहतो. ती जुळली म्हणून पत्रक बरोबर ठरत नाही. पण ती जुळत नसेल तर वरच्या ओळी वाचण्याचे कष्ट वाचतात. करसल्लागार म्हणून जालन्यात माझे आयुष्य गेले. आता काम सोडले आहे. तरी मस्तगडातल्या घराच्या ओसरीवर अधूनमधून कोणी ना कोणी पत्रक घेऊन येतो. आमच्याकडे करसल्लागारालाही वकीलसाहेबच म्हणतात. मी ते दुरुस्त करण्याचा नाद केव्हाच सोडला.

त्या उन्हाळ्यात आला तो एका डाळमिलचा कामकरी भागीदार. मूळचा कुंभार पिंपळगावचा, शेतकरी घरातला. मिल तोच चालवतो: तुरीची खरेदी, यंत्रे, हमाल, मालाची रवानगी. त्या मिलचा पहिला भागीदारी करार माझ्या हातचा होता, म्हणून तो माझ्याकडे आला. चप्पल काढली, पाणी नको म्हणाला, आणि घडी केलेले पत्रक पुढे केले.

"वकीलसाहेब, हे बघा. शेवटाला बेरीज बराबर हाय. पण मला फसवून राह्यले."

"कोण?"

"शेठ. दुसरं कोण?"

मी पत्रक उघडले नाही. त्याला विचारले, "बाकीच्या दोघांना सांगून आला आहेस?"

"न्हाई."

"मग हे मी पाहणार नाही. एका भागीदाराच्या सांगण्यावरून पत्रक तपासणे म्हणजे भांडणाला दारूगोळा पुरवणे. तिघे मिळून बोलवा. मिलमध्ये येतो."

तो उठला. शर्टाच्या खिशावर हात ठेवून म्हणाला, "मंग एक सांगून ठेवतो. खिशात नोटीस लिहून आणलीया. बराबर झालं न्हाई तर मी मोकळा. मिल बंद पडली तर पडली."

ही नुसती धमकी नव्हती. मुदत न ठरवलेली भागीदारी एका भागीदाराच्या लेखी नोटिशीने विसर्जित होते. कायदाच तसा आहे. आणि तो गेला असता तर मिल चालवणारे दुसरे कोणी नव्हते. हे मला ठाऊक होते, त्याला ठाऊक होते, आणि शेठलाही असावे.

दोन दिवसांनी मिलमधून बोलावणे आले. मिलचे कार्यालय म्हणजे गोदामाच्या कोपऱ्यात काढलेली पत्र्याची खोली. भिंतीपलीकडे यंत्र चालू होते. टेबलावरच्या कपातला चहा थरथरत होता. तिघेही आले होते.

शेठ वयाने माझ्याहून थोडे लहान. तीन पिढ्यांचा धान्याचा व्यापार. बोलणे मऊ, हिशेब कडक. दुसऱ्या भागीदार बदनापूरच्या निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळे बाई म्हणत. निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम त्यांनी या मिलमध्ये घातली होती आणि वर्षातून एकदा पत्रकावर सही करायला येत. तिसरा तो, दाराशी खुर्ची ओढून बसलेला. निघून जायला सोपे पडावे अशा बेताने.

"या, वकीलसाहेब," शेठ म्हणाले. "तुमच्या शिष्याला आमच्यावर भरवसा राहिला नाही."

"मी कोणाचा शिष्य न्हाई, शेठ. हिस्सेदार हाय."

"अरे, तेच म्हणतो मी. चार आण्याचा मालक आहेस तू. मालकाने असं दारात बसू नये, आत ये."

तो हलला नाही.

मी पत्रक वाचायला घेतले. ज्यांनी हे कधी पाहिले नसेल त्यांच्यासाठी त्याची रचना सांगतो, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. करारात काहीच ठरले नसेल तर कायदा सर्व भागीदारांना सारखा वाटा देतो. भांडवलावर व्याज नाही, कामाला पगार नाही. ठरले असेल तर ठरल्याप्रमाणे. इथे ठरले होते. नफ्यातून आधी प्रत्येकाच्या भांडवलावर दसादशे बारा टक्के व्याज. मग कामकरी भागीदाराचा पगार. उरेल त्याचे सोळा आणे मानून सात आणे शेठचे, पाच आणे बाईंचे, चार आणे त्याचे. रुपयातले आणे व्यवहारातून गेले. भागीदारीतून गेलेले नाहीत.

वर्षाचा नफा साडेतेवीस लाख होता. शेठचे भांडवल तीस लाख, व्याज तीन लाख साठ हजार. बाईंचे पंधरा लाख, व्याज एक लाख ऐंशी हजार. त्याचे पाच लाख, व्याज साठ हजार. एकूण सहा लाख. पगार दीड लाख. उरले सोळा लाख, म्हणजे आण्याला एक लाख. शेठला सात, बाईंना पाच, त्याला चार. व्याज आणि पगार मिळवून तिघांची बेरीज पुन्हा साडेतेवीस लाख. कुठे एका रुपयाची चूक नव्हती.

"गणित शुद्ध आहे," मी म्हणालो.

"मंग पगार बघा की! महिन्याला तीस हजार ठरला. वर्षाचे किती झाले? तीन लाख साठ. आन् हितं दीड लाख. सात महिने मी काय झोपा काढल्या?"

"दरमहा रक्कम घेत होतास ना?"

"घेत होतो. उचल म्हणून लावली त्यांनी. माझ्याच हिश्श्यातून माझीच उचल. मला वाटलं पगारच घेऊन राह्यलो."

शेठ शांतपणे म्हणाले, "पगार पाडव्यापासून ठरला होता. पाडव्यापासून दिला. नोव्हेंबर ते मार्च, पाच महिने. यात फसवणूक कुठली?"

"पाडवा चैतात असतो, शेठ!"

"पाडवा दिवाळीत असतो. वह्या बदलतात तो पाडवा. माझ्या आजोबांपासून दुकानात दुसरा पाडवा कोणी म्हटला नाही. चैत्रातल्याला आम्ही गुढीपाडवा म्हणतो."

"आन् आमच्याकडं सालगड्याचं साल गुढीपाडव्याला लागतं. सालाचा पगार त्या दिसापासून धरत्यात. गावात कुणालाही विचारा, कामाचा पाडवा कोणता ते."

मी हातातली लेखणी खाली ठेवली. दोघेही खरे बोलत होते. भांडणात दोघेही खोटे बोलत असतात, किंवा एक खोटा असतो. असे आयुष्यभर पाहत आलो. दोघेही खरे, आणि मध्ये एकच शब्द, हे क्वचित पाहिले. एकाच बाजारात, एकाच पेढीत, एकाच कागदावर सह्या करून दोन माणसे वर्षभर दोन वेगळ्या वर्षांत राहिली होती.

बाई कोरडेपणाने म्हणाल्या, "तुमचे पाडवे तुम्ही सांभाळा. आमच्या घरात दोन्ही पाळत नाहीत. मला शाळेच्या जमाखर्चामुळे एक एप्रिल तेवढा कळतो."

त्याला हसू आले, शेठलाही आले. पण दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही.

"हे ठरले तो कागद कुठे आहे?" मी विचारले. माझ्या मूळ करारात पगाराचे कलम नव्हते. ते नंतर आले असणार.

शेठने कपाटातून पुरवणी कराराचा मुद्रांक काढला. आदल्या मार्चमधला. मजकूर शेठच्या हातचा, खाली तिघांच्या सह्या. मला द्यायला त्यांनी हात पुढे केला. मी घेतला नाही.

"तुम्हीच वाचा. मोठ्याने. तुमचे अक्षर आहे."

शेठने चष्मा लावला. यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून वाचू लागले. पहिले कलम त्यांच्याच वाढीव भांडवलाचे होते. मिलला नवे यंत्र घ्यायचे होते, म्हणून त्यांच्या वीस लाखांत आणखी दहा लाख ते घालणार होते.

"'पक्षकार क्रमांक एक हे आणखी दहा लाख रुपये भांडवल घालतील व त्यावर पाडव्यापासून दसादशे बारा टक्क्यांनी व्याज मिळेल. पक्षकार क्रमांक तीन यांस पाडव्यापासून दरमहा तीस हजार...'"

शेठ थांबले.

पुढचे शब्द त्यांच्या डोळ्यांसमोर होते. ते वाचू शकले असते. वाचले नाहीत. बोट मागे गेले, पहिल्या कलमावर टेकले, पुन्हा दुसऱ्यावर आले. दोन ओळींच्या मधल्या जागेत ते बोट थोडा वेळ राहिले.

पत्रकात त्यांच्या तीस लाखांवर बारा महिन्यांचे व्याज धरलेले मी मघाशीच पाहिले होते. नवे दहा लाख एप्रिलच्या आरंभी बँकेत आले होते. त्या वर्षी गुढीपाडवा मार्चच्या अखेरीस होता. हिशेबनिसाने व्याजाची तारीख बँकेच्या नोंदीवरून घेतली. पगाराला बँकेची नोंद नव्हती. तेव्हा पाडवा म्हणजे दुकानात जो समजतात तो धरला. एका कागदावरचा एकच शब्द. पैशाला गुढीपाडवा मिळाला, माणसाला दिवाळी. लबाडी कोणी केली नव्हती. माझ्या मते म्हणूनच ती चूक भयंकर होती.

"का थांबलात, शेठ?" बाईंनी विचारले.

"बाई, माझा पाडवा एक आणि याचा दुसरा निघाला," शेठ म्हणाले. आवाज चढवायचे विसरले. आम्हाला पुढे वाकून ऐकावे लागले.

माझे काम इथे संपत नव्हते. तपासणाऱ्याने चूक दाखवून थांबू नये. तिच्या दुरुस्तीची किंमत सांगितली पाहिजे, नाही तर माणसे अंधारात उदार होतात आणि उजेडात पस्तावतात. मी म्हणालो, "शब्दाचा अर्थ दोन्ही कलमांत एकच धरावा लागेल. मग मार्ग दोन आहेत. दोन्हीकडे दिवाळी धरली तर पगार पाच महिन्यांचाच राहील, पण शेठच्या नव्या दहा लाखांचे व्याजही पाचच महिन्यांचे होईल. सत्तर हजारांनी व्याज घटेल. ते वाटपाच्या रकमेत पडून त्यातले सात आणे, म्हणजे तीस हजार सहाशे पंचवीस, पुन्हा शेठकडेच येतील. शेठचे निव्वळ नुकसान चाळीस हजारांच्या आतच.

"दोन्हीकडे गुढीपाडवा धरला तर व्याज आहे तसे राहील. पगार दोन लाख दहा हजारांनी वाढेल आणि वाटपाची रक्कम तितकीच घटेल. सोळा लाखांची तेरा लाख नव्वद हजार होईल."

शेठने कागद-पेन्सिल मागितली नाही. डोळे मिटले. "आण्याला तेरा हजार एकशे पंचवीस," ते म्हणाले. "सात आण्यांना एक्याण्णव हजार आठशे पंच्याहत्तर. बाईंना पासष्ट हजार सहाशे पंचवीस."

मी पडताळले. बरोबर होते.

"म्हणजे माझ्या पासष्ट हजारांवर यांचा वाद मिटणार," बाई म्हणाल्या. "आणि मी तर मध्ये कुठेच नाही."

"तुमची सही आहे, बाई," मी म्हणालो. "सही करताना तुम्ही काय समजला होतात?"

त्यांनी मुद्रांक ओढून घेतला. शाळेत पेपर तपासावा तसा वाचला. "हेच की एप्रिलपासून याला पगार सुरू. शेठ दहा लाख आणतात, हा त्यातून आणलेलं यंत्र चालवतो. पैसा एप्रिलला येणार आणि माणूस नोव्हेंबरला, असं कसं समजले असेन?" मग मुद्रांक खाली ठेवत, "पत्रक आलं तेव्हा मी माझी ओळ तेवढी पाहिली. ती भरपूर होती. खालची, याची ओळ पाहिलीच नाही."

दाराजवळून तो म्हणाला, "बाई, तुमच्याकडून मला काही घ्यायचं न्हाई."

"गप रे. तू घेत नाहीस. ते माझं नव्हतंच."

शेठने डोळे उघडले. माझ्याकडे न पाहता बोलले. "वकीलसाहेब, दिवाळी धरली तर माझं कमी जातं. कायद्यात बसतं ना ते?"

"दोन्ही बसते. तिघांची संमती लागेल एवढेच." त्याचा हात पुन्हा खिशावर गेलेला मी पाहिला.

"पण पैसे एप्रिलपासून मिलमध्ये होते, हे खरं आहे," शेठ म्हणाले. "बँक सांगते. आणि हाही होता. हे बँक सांगत नाही, पण मी रोज पाहत होतो. दहा लाखांचं यंत्र आलं त्या दिवशी हा सकाळपासून त्याच्या पोटात शिरला होता, डबासुद्धा तिथेच खाल्ला. माझा पैसा कामाला लागला तो याच्या हातांनी. मग पैशाचं वर्ष चैत्रात आणि हातांचं कार्तिकात, हे मला बोलता येणार नाही. गुढीपाडवा धरा."

चाळीस हजारांत सुटत असलेल्या माणसाने ब्याण्णव हजार पत्करले, आणि तेही तोंडी गणित स्वतः करून, आकडा स्वतः उच्चारून. उदारपणा मी पुष्कळ पाहिला; त्याला बहुधा आकडा माहीत नसतो. आकडा पैपर्यंत माहीत असून आवाज न बदलणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला. त्या काळी मी हे कोणाला सांगितले नाही.

मी नवे पत्रक मांडले. व्याज सहा लाख. पगार तीन लाख साठ हजार. करार वर्षारंभाच्या आधीचा आणि रक्कम करकायद्याने घातलेल्या मर्यादेत, म्हणून तेही निर्वेध. शिल्लक तेरा लाख नव्वद हजार, आण्याला शहाऐंशी हजार आठशे पंच्याहत्तर. त्याची ओळ आली तेव्हा मी त्याला जवळ बोलावले. या वेळी तो खुर्चीसकट आत आला.

"तुला किती वाढले?"

"दोन लाख दहा हजार."

"नाही. पगार तेवढा वाढला. पण तुझे चार आणेही त्याच नफ्यातले. वाटा चार लाखांवरून तीन लाख सत्तेचाळीस हजार पाचशेवर आला. बावन्न हजार पाचशे घटला. निव्वळ वाढ एक लाख सत्तावन्न हजार पाचशे."

त्याने आकड्यांकडे खूप वेळ पाहिले. "म्हंजी माझ्या पगारात चार आणे माझेच? मीच मला पगार दिऊन राह्यलो?"

"सात आणे शेठ देतात, पाच बाई देतात, चार तू देतोस."

मला वाटले तो चिडेल. तो चिडला नाही. पत्रकावर तळहात ठेवून म्हणाला, "माझा बाप सालानं राहिला. त्याला पगार देणारा दुसराच असायचा." एवढेच. मग हसून, "शेठ, तुम्हाला एकट्यालाच शिव्या देत होतो. चार आण्याच्या मलाच द्यायच्या होत्या."

"आधी माझ्या सात आण्याच्या दे. शिव्यांचाही हिशेब लागतो," शेठ म्हणाले.

बाई म्हणाल्या, "माझ्या पाच आण्यांच्या राहू द्या. शाळेत पुष्कळ ऐकल्या आहेत."

मी सांगितले की पुढच्या वर्षी हाच शब्द पुन्हा उभा राहील. पाडवा म्हणजे काय ते लिहून ठेवा. पक्के मुद्रांकावर करायचे, पण कच्चा मजकूर आत्ताच, तिघे समोर असताना. शेठने टेबलावर कोरा कागद शोधला. वजनकाट्याच्या पावत्यांखेरीज काही नव्हते. त्याने खिशात हात घातला आणि घडी केलेला कागद त्यांच्यापुढे टाकला.

"मागून कोरा हाय."

शेठ लिहू लागले: या पेढीच्या सर्व कागदांत पाडवा या शब्दाचा अर्थ एक एप्रिल असा समजावा. लिहून झाल्यावर शाई वाळली का पाहायला कागद उचलला, आणि पुढची बाजू त्यांच्यासमोर आली. ती नोटीस होती. भागीदारी विसर्जित करण्याची, त्यांच्याच नावे. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. कपातल्या गार चहावर यंत्राचे वलय उठत होते. मग त्यांनी कागद पुन्हा पालथा केला, आपली सही केली आणि लेखणी त्याच्यापुढे धरली.

"सही या बाजूला कर," ते म्हणाले. "त्या बाजूला शुद्धलेखनाच्या चुका आहेत. बाई मार्क कापतील."

त्याने सही केली. बाईंनी केली. मी दोन्ही पत्रके शेजारी ठेवली आणि सवयीने पुन्हा शेवटची ओळ पाहिली. जुन्यात साडेतेवीस लाख, नव्यात साडेतेवीस लाख. ज्या ओळीवर मी आयुष्यभर पहिली नजर टाकत आलो, तिला या खोलीत काय घडले याचा पत्ताही नव्हता.

जुन्या पत्रकावर मी रद्द लिहिले. नव्यावर खूण केली. तोवर तो उठून यंत्राकडे गेला होता. पट्ट्याचा आवाज बदलला होता, आमच्यापैकी कोणाला कळला नव्हता, त्याला कळला.